नुसता निबंध येऊन पडलाय, सोबत एक शब्द नाही. काय समजायचं?

टिंबटिंब

मी मुद्रितशोधनाची कामं करते. स्मरणिका, अंक, कधीमधी एखादं पुस्तक. काल रात्री एक ईमेल आला. विषयाची ओळ रिकामी, आत थेट निबंध डकवलेला. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही, 'जरा बघा' एवढंसुद्धा नाही. पाठवणाऱ्या गृहस्थांशी जेमतेम ओळख आहे. एका स्मरणिकेच्या कामात दोनदा फोनवर बोललो होतो, बस.

निबंध 'हस्ताक्षर' या विषयावर आहे. १४६० शब्द, नऊ परिच्छेद. वाचायला बरा आहे. आता अडचण अशी, की यांना माझ्याकडून काय हवंय? शुद्धलेखन तपासून? की 'कसा झालाय ते सांगा'? की निबंध दुसऱ्याच कोणाचा आहे आणि यांना त्याचा थोडक्यात सारांश हवाय? तिन्ही कामं मला जमतात, पण एकाच्या जागी दुसरं केलं तर वेळ वाया जातो आणि माणूस दुखावतो तो वेगळाच.

निबंध इथे टाकत नाही, तो माझा नाही. लागेल तेवढं सांगेन.

सरळरेघ

यात ठरवायचं काय आहे? तुम्ही मुद्रितशोधक, त्यांना ते माहीत आहे, त्यांनी तुम्हाला पाठवलं. म्हणजे मुद्रितशोधन. न्हाव्याकडे जाऊन कोणी दाढदुखी सांगत नाही.

गोषवारा

आमच्या ऑफिसात हे रोजचंच आहे. साहेब लेख फॉरवर्ड करतात, वर एक अक्षर लिहीत नाहीत. पहिल्या महिन्यात मी एकदा त्यातल्या चुका लाल करून पाठवल्या. साहेबांचा फोन आला, "अरे, तो लेख मी लिहिलाय का?" तेव्हापासून पाच ओळींचा गोषवारा देतो, आणि सहावी ओळ 'आपल्याशी संबंध काय' याची. आजपर्यंत तक्रार नाही. तेव्हा माझं मत सारांश.

नवशिका

सारांश मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश लिहायचा असतो. १४६० चे साधारण ४८५ शब्द होतील. उदाहरणं आणि अलंकारिक भाषा गाळायची, स्वतःचं मत घालायचं नाही, शीर्षक द्यायचं.

टिंबटिंब

@नवशिका, सारांश कसा लिहायचा हा प्रश्न नाहीये हो. लिहायचा की नाही, हा आहे.

@गोषवारा, तुमचं तुमच्या जागी बरोबर, पण तिथे साहेब आणि तुम्ही यांच्यात एक ठरलेलं आहे. आमच्यात काहीच ठरलेलं नाही.

@सरळरेघ, तेच तर. त्यांनी मला मुद्रितशोधक म्हणून पाठवलं, की 'ओळखीतली एक वाचणारी बाई' म्हणून, ते कळत नाही.

खाडाखोड

तीस वर्षं हेच काम केलं, आता निवृत्त. असे मुके मजकूर खूप आले. पाठवणारा बोलत नसला तरी डकवलेला मजकूर बराच बोलतो, फक्त आशय बाजूला ठेवून आधी त्याच्या कडा बघाव्या लागतात.

नवशिका यांचा प्रतिसाद अगदीच वाया जाऊ देऊ नका. कधीकधी मजकुराच्या डोक्यावर 'खालील उतारा वाचून...' अशी एक ओळ चिकटून आलेली असते आणि आपण ती निबंधाचाच भाग समजून वाचून जातो. मग सूचना आलेलीच असते, आपल्यालाच दिसलेली नसते. तसंच शेवटी '(शब्दसंख्या १४६०)' असं लिहिलेलं असेल तर मजकूर कुठल्या तरी मर्यादेत बसवून पाठवायचा आहे, म्हणजे लेखकाच्या लेखी तो पूर्ण झालाय. वाक्याच्या मध्येच ओळ तुटलेली असेल, मधूनच एखादा पृष्ठक्रमांक आला असेल, किंवा 'िवषय', 'िलिहणे' असं वेलांटी आधीच येऊन पडलेलं असेल, तर तो पीडीएफवरून उचललाय. उचललेला मजकूर बहुधा दुसऱ्याचा असतो आणि दुसऱ्याच्या मजकुराचं शुद्धलेखन कोणी तपासून घेत नाही. तिथे सारांश किंवा 'यावर तुमचं मत काय' यांपैकी काहीतरी हवं असतं. त्या सुट्या वेलांट्या मी उमेदवारीत एकदा दोन तास बसून दुरुस्त केल्या होत्या. त्या लेखकाच्या चुका नव्हत्याच, कॉपी करताना झालेली मोडतोड होती.

म्हणून दोनच गोष्टी सांगा. कडांवर काही चिकटलंय का? आणि चुका आहेत का, असल्या तर कुठे? किती आहेत हे नको, कुठे ते सांगा.

टिंबटिंब

कडा साफ आहेत. ओळी नीट, वेलांट्या जागेवर. थेट टाइप केलेलं किंवा वर्डमधून आणलेलं दिसतंय. 'मी', 'माझे वडील', 'माझी मुलगी' असं आहे, तेव्हा स्वतःचाच असावा.

चुकांचं मात्र तुम्ही विचारल्यावर मोजलं आणि जरा चमकले. पहिल्या सहा परिच्छेदांत जवळजवळ एकही नाही. सातव्यापासून सुरू होतात. 'आणी' अकरा वेळा, 'परंतू' तीनदा, 'तथापी' एकदा. बाकी विरामचिन्हांचं किरकोळ. पहिल्या सहांत 'आणि' भरपूर आलाय आणि सगळीकडे ऱ्हस्वच आहे.

सरळरेघ

बघा, म्हणजे चुका आहेत. मुद्रितशोधन. मिटलं.

खाडाखोड

थांबा थांबा. 'आणी', 'परंतू', 'तथापी' हे तीन शब्द एकत्र वाचा. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा हा नियम, आणि हे तिन्ही शब्द नेमके त्याचे अपवाद. म्हणजे लिहिणाऱ्याला नियम पक्का ठाऊक आहे, अपवाद ठाऊक नाहीत. ही घाईत झालेली चूक नव्हे. घाईची चूक एकदा होते, एकदा होत नाही. ही सवय आहे, आणि सवय सहा परिच्छेद गप्प बसून सातव्यात जागी होत नाही.

तेव्हा पहिल्या सहांवरून आधीच कोणाचा तरी हात फिरलाय. शेवटचे तीन त्या हाताखालून गेलेले नाहीत.

उलटतपासणी

वा, हे आवडलं. पण मग दोन शक्यता उरतात ना? एक, तपासणारा सहाव्या परिच्छेदापर्यंत आला आणि कंटाळला, उरलेले तीन टिंबटिंब यांच्याकडे आले. मग सरळरेघ यांचं बरोबर. दुसरी, निबंध सहा परिच्छेदांचाच होता, तपासून झाला होता, आणि तीन नंतर जोडले गेले. मग तो अजून घडतोय, आणि घडणाऱ्या मजकुराचे ऱ्हस्व-दीर्घ बघणं म्हणजे भिंत पाडायची की ठेवायची हे ठरण्याआधी तिला रंग देणं.

खाडाखोड

अगदी. आणि यातलं कोणतं, हे घरबसल्या तपासता येतं. सहाव्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य बघा. तपासणारा जिथे थकतो ती जागा कुठलीही असू शकते. लेखक जिथे थांबला होता ती जागा मात्र शेवटासारखी वाजते.

टिंबटिंब

काका, काय सांगू. एवढी दोन वाक्यं टाकते, त्यात खाजगी काही नाही.

सहावा संपतो: "म्हणून मी अजूनही प्रत्येक पत्र हातानेच लिहितो."

सातवा सुरू होतो: "तसं पाहिलं तर माझंही बरंचसं लिखाण आता फोनवरच होतं."

उलटतपासणी

सापडलं! नुसतं जोडलेलं नाही, आधीच्या शेवटाला छेद देणारं जोडलंय.

जुनीवही

विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही, पण माझी गोष्ट सांगतेच. एका मैत्रिणीने असाच एक लेख पाठवला होता, आईच्या जाण्यावर. काही लिहिलं नव्हतं. मी मन लावून दोन पानांचा अभिप्राय लिहिला. सुरुवात रेंगाळते, मधला भाग दोनदा आलाय, शेवट भाबडा आहे, वगैरे. तिला तो दुसऱ्या दिवशी छापायला द्यायचा होता आणि फक्त नावं, तारखा बरोबर आहेत ना एवढंच बघून हवं होतं. तिने नुसतं 'ठीक आहे' लिहिलं. पुढे कधी काही पाठवलं नाही.

माझं म्हणणं खोटं नव्हतं, आजही वाटतं. पण बदलायला वेळच नव्हता तर त्या खऱ्याचा तिला उपयोग काय?

खाडाखोड

जुनीवही, हे विषयाला धरूनच आहे. माझ्या मते सगळ्या गोंधळाची किल्लीच तिथे आहे. काम कोणतं हे मजकुरावरून जेवढं ठरतं, त्याहून जास्त 'अजून काय बदलता येईल' यावरून ठरतं. सगळं बदलता येत असेल तर समीक्षा. फक्त अक्षरं बदलता येत असतील तर मुद्रितशोधन. काहीच बदलायचं नसेल, मजकूर छापून झालेला किंवा दुसऱ्याचा असेल, तर सारांश. तुमच्या मैत्रिणीचा लेख दुसऱ्या खान्यातला होता, तुम्ही तो पहिल्यात धरलात.

एकघाव

मंडळी, एवढी गुप्तहेरगिरी कशासाठी? 'आपल्याला नेमकं काय हवं आहे?' असा एक ओळीचा ईमेल टाका. उत्तर येईल. धागा बंद.

टिंबटिंब

हे मी आधी एकदा केलंय, दुसऱ्या एकांच्या बाबतीत. उत्तर आलं: "काही नाही, बघा जरा." दुसऱ्यांदा विचारलं तर "प्रूफ बघा." प्रूफ बघून दिलं तर फोन, "बाकी कसा वाटला ते बोललाच नाहीत?"

खाडाखोड

एकघाव, विचारावं हे बरोबरच आहे. तर्कावर सगळं काम उरकू नये. पण 'काय हवंय' हा प्रश्न लोकांना अवघड जातो. ही शब्दांची विभागणी आपल्या धंद्यातली, त्यांना ती ठाऊक असण्याचं कारण नाही. 'प्रूफ बघा' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना 'छान झालाय' ऐकायचं असतं, आणि 'समीक्षा करा' म्हणणारे अनुस्वार मोजून मागतात. त्यापेक्षा ज्याचं उत्तर त्यांच्याकडे नक्की असतं ते विचारा. हा कुठे जाणार आहे, कधीपर्यंत, आणि अजून बदलायची तयारी आहे का? कामाचं नाव त्यावरून आपण लावायचं.

एकघाव

तरी मी म्हणतो, हे तीन प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारता आले असते. वेलांट्या न बघता.

उलटतपासणी

आले असते, पण कोरडे आले असते. 'वाचला नाही, आधी फॉर्म भरा' असं वाटतं माणसाला. आपण निबंध वाचलाय हे दाखवून विचारलं तर उत्तर वेगळं येतं.

टिंबटिंब

मग हे कसं वाटतं? आज पाठवायचा विचार आहे.

"नमस्कार. 'हस्ताक्षर' वाचला. खूप छान आहे. मला कळला तो असा: हाताने लिहिताना माणूस सावकाश होतो, म्हणून लिहिलेलं मनात राहतं, वडिलांच्या वहीमुळे हे तुम्हाला जाणवलं, आणि तरीही आज तुमचं लिखाण फोनवर होतं, याची तुम्हाला खंत आहे. सहाव्या परिच्छेदाशी निबंध संपल्यासारखा वाटला आणि सातव्याने पुन्हा सुरू झाला, तिथे मी थबकले. सातव्या परिच्छेदातलं शुद्धलेखन नमुन्यादाखल तपासून खाली दिलंय. हा निबंध कुठे द्यायचा आहे, कधीपर्यंत, आणि अजून बदल करायचा विचार आहे का? उद्या संध्याकाळपर्यंत कळवलं नाहीत तर उरलेल्या भागाचं शुद्धलेखन तपासून पाठवते, मूळ मजकूर न बदलता, बाजूला टिपा करून."

खाडाखोड

उत्तम. दोन दुरुस्त्या. 'खूप छान आहे' काढा. ते असलं की माणूस तेवढंच वाचतो आणि पुढच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. आणि 'याची तुम्हाला खंत आहे' हे त्यांनी लिहिलंय, की तुम्हाला वाटलं?

तुम्ही 'मला कळला तो असा' हे वाक्य घातलंत हे फार चांगलं केलंत. सारांश हवा असेल तर त्याची सुरुवात झाली. आणि हवा नसेल तरी लेखकाला आपला निबंध परक्या डोळ्यांत कसा उतरला ते दिसतं. 'मला हे म्हणायचं नव्हतं' असं त्याला वाटलं, तर ती समीक्षाच झाली, आपण एकही दोष न काढता. म्हणूनच त्यात आपल्या पदरचं काही जाऊ द्यायचं नाही.

टिंबटिंब

परत वाचलं. 'खंत' शब्द कुठेही नाही. ते सातव्यात नुसतं सांगतात की फोनवर लिहितो, आणि आठव्यात तर मुलीने फोनवर लिहिलेल्या एका लांब संदेशाचं कौतुक आहे. खंत माझी होती! 'याचीही तुम्ही नोंद घेता' असं केलं.

सरळरेघ

सातव्या परिच्छेदाचा नमुना तपासून देणं मला पटत नाही. तुमच्याच तर्काने तो परिच्छेद जाईल की राहील हे अनिश्चित आहे. मग त्यातले 'आणी' दुरुस्त करून काय साधलं? आणि एकदा शुद्ध झालेलं वाक्य कापवत नाही माणसाला. तयार वाटायला लागतं.

खाडाखोड

हे मात्र सरळरेघ यांनी नेमकं पकडलं. मी मागे घेतो. नमुना देऊ नका. फार तर एक ओळ: 'आणि', 'परंतु', 'तथापि' शेवटी ऱ्हस्व, बाकी नंतर. ते त्यांना पुढच्या निबंधातही उपयोगी पडेल.

गोषवारा

पण शेवटची अट, 'कळवलं नाहीत तर शुद्धलेखन तपासते', ती ठेवाच. आमच्याकडे उत्तर न येणं हेच उत्तर असतं.

उलटतपासणी

ठेवावी, पण तीन कामांपैकी शुद्धलेखनच का, हे आपलं आपल्याला माहीत असावं. टिपा बाजूला असल्या तर नको असलेलं शुद्धलेखन कोणाला बोचत नाही, फार तर टिंबटिंब यांचे दोन तास जातात. न मागितलेला अभिप्राय बोचतो, जुनीवही यांच्या मैत्रिणीला बोचला तसा.

जुनीवही

मला हे पूर्ण पटत नाही. माझ्या एका लेखावर एकदा नुसते अनुस्वार दुरुस्त होऊन आले होते, बाकी एक शब्द नाही. ते दोन पानी अभिप्रायापेक्षा जास्त लागलं.

उलटतपासणी

हम्म. याला माझ्याकडे उत्तर नाही.

टिंबटिंब

ईमेल टाकला. नमुना काढला, 'छान' काढलं, अट ठेवली.

---

टिंबटिंब

उत्तर आलं. त्यांची परवानगी घेऊन थोडक्यात सांगते.

निबंध एका अंकासाठी आहे, अजून तीन आठवडे आहेत. पहिले सहा परिच्छेद त्यांनी गेल्या वर्षी लिहिले आणि एका शिक्षक मित्राने तपासून दिले. शेवटचे तीन मुलीच्या सांगण्यावरून जोडले. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळं फोनवर लिहिता आणि इथे हाताने लिहितो म्हणता, हे खोटं आहे." यांना वाटतं सहाव्यावर निबंध चांगला संपत होता. आणि शेवटी एक ओळ: "दोघांपैकी कोणाचं बरोबर, ते तुम्ही सांगाल असं वाटलं होतं. लिहायला कसंसंच वाटलं, म्हणून नुसता निबंध पाठवला."

सरळरेघ

घ्या. म्हणजे मुद्रितशोधन नाही, सारांश नाही, आणि पूर्ण समीक्षाही नाही. बापलेकीच्या भांडणात पंच हवाय. हरलो मी.

एकघाव

आणि हे कळलं विचारल्यावर. मी एवढंच म्हणत होतो.

खाडाखोड

ही समीक्षाच, पण एका सांध्यापुरती. नऊच्या नऊ परिच्छेदांवर बोलू नका. वडिलांच्या वहीचा भाग रेंगाळत असला तरी आत्ता गप्प बसा, तो विचारलेला नाही.

जुनीवही

तो भाग खरंच कच्चा असेल तर? तीन आठवडे आहेत की हातात. बदलता येईल तर समीक्षा, हे तुम्हीच म्हणाला होतात.

खाडाखोड

म्हणालो होतो. पण त्यांनी बोट एका जागी ठेवलंय. आधी तिथलं होऊ द्या, मग 'आणखी एक सुचलंय, सांगू का' असं विचारता येतं. असं माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं.

नवशिका

माझा एक प्रश्न. मुलगी बरोबर असेल तर सहावा परिच्छेद काढायचा, की सातवा बदलायचा?

टिंबटिंब

@नवशिका, त्यावरच अडकले आहे. दोन्ही तसेच ठेवले तर वाचणारा सहाव्यावर विश्वास ठेवतो आणि सातव्यावर फसल्यासारखा होतो. सध्या एक करून बघतेय. सातवा उचलून दुसऱ्या परिच्छेदाच्या मागे नेलाय, म्हणजे फोनची कबुली आधीच येते, मग वडिलांची वही, आणि शेवट परत सहाव्यावर. पण "प्रत्येक पत्र हातानेच" मधला 'प्रत्येक' आता उभा राहत नाही. तो शब्द काढायचा की त्यांना विचारायचं, की खरंच प्रत्येक पत्र का, हे ठरलं नाही. बहुतेक विचारेनच.

'आणी' अकराच्या अकरा अजून तसेच आहेत.